फुलांच्या दुकानाचं रोजचं शीट: रात्री शून्य उरलं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: नागपुरात मनीष नगरला फुलांचं छोटं दुकान आहे, दीड वर्ष झालं. रोज शीट भरतो, किती माल आणला, माल कसा आहे (ए, बी, सी) आणि रात्री किती उरला. तीन महिन्यांचा डेटा जमला पण उद्या किती आणायचं ते अजून अंदाजानेच चालू आहे. एक दिवस फेकावं लागते, दुसऱ्या दिवशी सहा-सातलाच माल संपून जाते. शीटमध्ये काय कमी आहे?

उत्तर:

भाऊ, तुमच्या शीटमध्ये कॉलम कमी आहेत ते आहेच, पण खरी भानगड त्या शेवटच्या कॉलमची आहे. "रात्री उरले" हा आकडा आपण निकालासारखा वाचतो, जास्त उरलं म्हणजे चुकलं आणि शून्य उरलं म्हणजे जमलं. मी पण पहिली चार-पाच वर्षं असंच वाचत होतो. एकदा सलग दोन महिने लाल गुलाब रात्री शून्य उरत होते आणि मी खुशीत होतो की काय मस्त खरेदी जमून राहिली. मग एक नेहमीच्या काकू सकाळी हार घ्यायला आल्या, त्यांना म्हटलं आजकाल गुलाब नेत नाही तुम्ही, तर म्हणाल्या, "अरे तुझ्याकडे संध्याकाळी असतातच कुठे, मी गोकुळपेठेतून नेते." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की शून्य म्हणजे किती विकू शकलो असतो ते माहीतच नाही, एवढंच.

सगळ्या फुलांचं एकदम सांगत बसलो तर गोंधळ होईल, म्हणून डच गुलाबावर सांगतो, मधे गजरा घेईन कारण तो बरोबर उलटा वागतो. किमती माझ्या दुकानाच्या हिशोबाने गोल करून घेतल्या आहेत, तुमचा भाव टाका, पद्धत तीच.

आधी ग्रेडचं बोलू. तुम्ही ए, बी, सी लिहिता पण ते कशावरून? बहुतेक जण फूल किती सुंदर दिसतं त्यावर देतात आणि मग सकाळी मालक ए म्हणतो, रात्री दुकानातला पोट्टा त्याच फुलाला बी म्हणतो, आणि तीन महिन्यांनी त्या अक्षराला काही अर्थ राहत नाही. माझ्याकडे ग्रेड म्हणजे ते फूल आज कशासाठी विकता येईल. घरी नेऊन फुलदाणीत तीनेक दिवस टिकेल ते ए. आज रात्रीच्या कार्यक्रमाला चालेल, बुकेत आत बसेल, पण घरी ठेवायला देणार नाही ते बी. फक्त पाकळीच्या कामाचं ते सी. बघायचं कसं, तर कळीच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या जरा वर, दोन बोटांनी हलकं दाबायचं. कडक लागली तर ताजी, स्पंजसारखी आत गेली तर जुनी, वरून कितीही छान दिसो. मग मान बघायची, दांडी आडवी धरली की डोकं लटकतंय का.

आणि बाहेरच्या पाकळ्या बघा. गुलाबाला बाहेरून एक-दोन जाडसर, जरा हिरवट काळपट कडांच्या पाकळ्या असतात, नवीन माणसाला वाटतं खराब आहे, पण त्या असणं चांगलं, त्या आतल्या फुलाला सांभाळतात. उलट अगदी गुळगुळीत, एकसारखं लाल फूल दिसलं आणि खाली हिरव्या पाकळ्या पार मागे वळलेल्या असल्या तर समजा की वरच्या सोलून जुना माल ताजा करून दिलाय. असा बंच सकाळी ए दिसतो आणि दुपारी चारला बी होतो, आणि तुम्हाला वाटतं आपली बादली खराब.

ग्रेडच्या बाजूला वय वेगळं लिहायचं, म्हणजे आपल्याकडे येऊन किती दिवस झाले. हे दोन्ही एकच वाटतं पण नाही. ग्रेड म्हणजे आज काय दिसतंय आणि वय म्हणजे किती वेळात तसं झालं. वय लिहिलं तरच कळतं की एका व्यापाऱ्याचा माल पहिल्याच रात्री बी होतो आणि दुसऱ्याचा तिसऱ्या दिवशी. आपल्याकडे डच गुलाब पुणे-नाशिककडून आला तर तो तिथे तोडून, निवडून, बॉक्समध्ये भरून, गाडीत रात्र काढून आलेला असतो, त्यामुळे आपला पहिला दिवस हा फुलाचा पहिला दिवस नसतोच. मी शीटपेक्षा आधी बादलीवर खूण करतो, सोमवारच्या मालाला लाल दोरा, मंगळवारच्या पिवळा, असं. कालचा आणि आजचा माल एका बादलीत कधीच टाकायचा नाही, वय कळत नाही हे एक, आणि जुन्या दांड्यांनी घाण झालेल्या पाण्यात नवीन दांडी लवकर चोंदते, पाणी वर चढत नाही आणि फूल मान टाकतं.

आता मुख्य गोष्ट. उरलेला माल मोजायच्या आधी बाकीचा कुठे गेला ते लिहा. तुमच्या शीटमध्ये आणले आणि उरले एवढंच आहे, मधलं सगळं तुम्ही विकलं असं धरता. तसं नसतं. माझ्या वहीतला एक बुधवार सांगतो. सकाळी कालचे २६ गुलाब होते. नवीन ५ बंच आणले, वीसचा बंच, म्हणजे १००. एकूण १२६. बिलबुकावरून सुटे विकले २२ आणि दहाचे चार बुके म्हणजे ४०, एकूण ६२. पाकळीला आणि हारात लावायला १४ वापरले. बंच उघडताना ३ मान मोडलेले निघाले ते आणि दिवसभरात काळे पडलेले ६, असे ९ फेकले. रात्री मोजले तर ३४. हे जोडून पाहा, ११९ होतात. ७ फुलं गायब.

गूगल शीटमध्ये करत असाल तर एवढंच:

```
=B2+C2-D2-E2-F2-G2
```

B कालचे, C आज आणलेले, D विकलेले, E वापरलेले, F फेकलेले, G रात्री मोजलेले. उत्तर शून्य यायला पाहिजे, माझं ७ आलं. चोरी वगैरे काही नव्हती बरं का. पोट्टा बुके बांधत होता, दहाचा बुके जरा भरगच्च दिसावा म्हणून तिनात दोन-दोन जास्त घालत होता, आणि एक फूल कोणाच्या तरी लेकराला दिलं होतं. म्हणजे सहा आणि एक. आठ रुपयांनी ५६ रुपये, एका दिवसाचे. मी त्याला रागावलो नाही, बुके खरंच बरा दिसत होता, बाराचा बुके करून भाव वाढवला. पण तो गायब आकडा नसता तर मला वाटत राहिलं असतं की रोज सात फुलं जास्त विकून राहिलो, आणि उद्याची खरेदी त्याच्यावर केली असती.

इथे एक प्रॅक्टिकल गोष्ट, रात्रीचा आकडा खरंच मोजायचा. दुकान बंद करताना सगळे थकलेले असतात आणि "असतील तीसेक" असं लिहून मोकळे होतात, मग शीट बघितलं की उरलेले आकडे २०, ३०, ४०, ३० असे गोल गोल दिसतात. सलग चार-पाच दिवस शून्यावर संपणारा आकडा दिसला की समजा कोणी मोजलेलं नाही. दहा-दहाच्या जुड्या हातात धरून मोजलं तर गुलाबाला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

झेंडूला हे गणित लावू नका, म्हणजे किलोवर लावू नका. सकाळी मार्केटमधून पाणी मारलेला ओला झेंडू घेतो, आपण १० किलोचे पैसे देतो, दुपारपर्यंत पाणी उडतं आणि वजन असंच कमी होतं, हिशोब कधीच जुळणार नाही आणि तुम्ही उगाच कोणावर तरी संशय घ्याल. झेंडू किती हार बांधून झाले त्यावर मोजा.

आता शून्यवाल्या दिवसाकडे येऊ, कारण तुमचं अर्ध दुखणं तिथे आहे. माल संपला त्या दिवशी "उरले ०" एवढंच लिहून सोडायचं नाही, किती वाजता संपला ते लिहायचं. आणि रोज संध्याकाळी सहाला एकदा पटकन मोजायचं, फक्त गुलाब. हा एक जास्तीचा आकडा मला सगळ्यात जास्त कामाला आला.

कसं ते बघा. ज्या दिवशी माल पुरून उरला त्या दिवशी सहापर्यंत किती गेले आणि पूर्ण दिवसात किती गेले याचा हिशोब काढायचा. माझ्याकडे साधारण ७० विकले त्या दिवशी सहापर्यंत ४२ गेलेले असायचे, म्हणजे शंभरातले साठ. आता एका शुक्रवारी सकाळी ६० होते, सहाला मोजले तर ६ राहिलेले, म्हणजे ५४ गेलेले, आणि सहा वीसला संपले. ५४ जर साठ टक्के असतील तर पूर्ण दिवसाची मागणी ९० झाली असती. म्हणजे ३० गिऱ्हाईकी गेली? नाही, पूर्ण तीस नाही. लाल नाही म्हटल्यावर काही लोक गुलाबी किंवा जरबेरा घेऊन जातातच, आणि सहापर्यंतच गर्दी होती तर कदाचित त्या दिवशी लोक लवकर आले असतील. मी असा निघालेला आकडा एक तृतीयांश कमी करतो, तीसचे वीस धरले, म्हणजे मागणी ८० लिहिली. हे एक तृतीयांश कुठल्या पुस्तकातलं नाही, माझ्या दुकानाचं आहे, तुमच्याकडे शेजारी दुसरं फुलांचं दुकान असेल तर वेगळं निघेल. पण ६० लिहिण्यापेक्षा ८० नक्कीच खऱ्याच्या जवळ आहे.

मग उद्या किती आणायचे? यात दोन खर्च तोलायचे असतात, कमी पडलं तर किती जातं आणि उरलं तर किती जातं. गुलाब आठला पडतो आणि वीसला विकतो, एक फूल कमी पडलं की बारा रुपये गेले. उरलं तर? सगळे आठ जात नाहीत, डिसेंबर-जानेवारीत उरलेला गुलाब दुसऱ्या दिवशी काही ए म्हणूनच जातो, काही बुकेत, काही पाकळीत, सरासरी मला पाच तरी मिळतात. म्हणजे एक फूल उरलं तर नुकसान तीनच. एकीकडे बारा, एकीकडे तीन. बारा आणि तीन पंधरा, त्यातले बारा म्हणजे दहातले आठ. याचा अर्थ दहापैकी आठ दिवस पुरेल एवढा माल ठेवायचा आणि दोन दिवस संपला तर संपू द्यायचा.

हे शीटवरून काढायला काही भारी गणित नको. सारख्या प्रकारचे मागचे दहा दिवस घ्या आणि त्यांची मागणी लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा. माझे होते ४८, ५२, ५५, ५८, ६०, ६४, ६६, ७२, ८०, ९५. आठवा आकडा ७२. सकाळी कालचे ए ग्रेड १२ असले तर ७२ मधून ते वजा, उरले ६०, म्हणजे ३ बंच. बी आणि सी वजा करायचे नाहीत, ते गिऱ्हाईकाला घरी न्यायला देणार नाही तर त्यांच्या भरवशावर खरेदी कशी कमी करता? आणि यातला ८० हा तो शुक्रवार आहे. तिथे ६० लिहिलं असतं तर आठवा आकडा ६६ आला असता, मी कमी आणले असते, अजून लवकर संपले असते, मग अजून कमी विकलेले लिहिले असते. माझे ते दोन महिने असेच गेले.

आता गजरा घ्या. मोगरा रात्री उमलतो, सकाळी तपकिरी, दुसऱ्या दिवशी काहीच मिळत नाही. पंधराला पडला आणि पंचवीसला विकला तर कमी पडल्याचे दहा जातात पण उरल्याचे पूर्ण पंधरा जातात. दहा आणि पंधरा पंचवीस, त्यातले दहा म्हणजे दहातले चार. म्हणजे त्याच पद्धतीने मांडलेल्या यादीतला चौथा आकडा घ्यायचा, आणि दहातले सहा दिवस गजरे संपले तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. त्यामुळे गजऱ्याच्या ओळीत रात्री रोज १० उरत असतील तर घाबरायला पाहिजे, आणि गुलाबाच्या ओळीत रोज १० ए उरत असतील तर ते तसंच असायला पाहिजे. एकाच कॉलममधला एकच आकडा, आणि अर्थ उलटा.

आपल्या नागपुरात अजून एक गोष्ट, हा आठवा नंबर वर्षभर चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीसच्या आसपास पारा जातो तेव्हा सकाळचा ए गुलाब संध्याकाळी बी होतो, कूलर कितीही लावा. तेव्हा उरलेल्या गुलाबाचे मला पाच मिळत नाहीत, एखादा रुपया मिळतो. म्हणजे उरल्याचं नुकसान सात, कमी पडल्याचं बाराच. बारा आणि सात एकोणीस, त्यातले बारा म्हणजे दहातले साधारण सहा. मग त्याच यादीत सहावा आकडा, ६४. भाव तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त फूल टिकत नाही म्हणून खरेदी आठ फुलांनी खाली आली. तुमच्याकडे फ्रीज-कॅबिनेट असेल तर एवढं खाली यायची गरज नाही, पण लाईट किती वेळ जाते ते पण बघावं लागेल. बॉक्स उघडल्याबरोबर दांडी एखाद इंच तिरपी कापून, स्वच्छ पाण्यात सावलीत दोन-तीन तास ठेवून मगच बाहेर मांडा, उन्हाळ्यात हे एक काम चुकलं की वयाचा सगळा कॉलम खोटा पडतो. पावसाळ्यात उलट, उकाड्यात बंद जागेत पाकळीवर तपकिरी ठिपके येतात, तेव्हा पाणी शिंपडणं कमी करा.

सारख्या प्रकारचे दिवस म्हटलं त्याचं पण सांगतो. मी सोमवार ते गुरुवार एक गट आणि शुक्रवार ते रविवार एक गट करतो, सात वारांचे सात गट केले तर दहा दिवस जमायला दहा आठवडे लागतात आणि तोवर ऋतूच बदलतो. शीटमध्ये एक छोटा कॉलम "आज काय" म्हणून ठेवा, संकष्टी, श्रावण सोमवार, मार्गशीर्षातला गुरुवार, जवळ लग्न, काय असेल ते. असे दिवस यादीतून बाहेर काढा, त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच दिवसाशी करा, नसेल तर तिथे अंदाजच. आणि ऑर्डरचा माल या शीटमध्ये आणूच नका. कोणी साखरपुड्याला २०० गुलाब सांगितले तर ते वेगळ्या पानावर, नाहीतर तो एक बुधवार पुढचा महिनाभर तुम्हाला जास्त आणायला लावेल.

तुमचे जुने तीन महिने पूर्ण वाया गेले असं नाही, पण ज्या दिवशी उरले शून्य आहे ते दिवस वापरू नका, किती वाजता संपले ते आता कोणाला आठवणार. बाकी दिवसांवरून सुरुवातीची यादी बनवा. ॲपवर खर्च करू नका इतक्यात, वही किंवा मोबाईलवरचं शीट पुरतं.

पहिले पंधरा दिवस फक्त तीन माल घ्या, लाल गुलाब, जरबेरा, गजरा. सगळ्याचं सुरू केलं तर चौथ्या दिवशी कंटाळून सोडाल, मी दोनदा सोडलंय. पहिल्या आठवड्यात गायब आकडा रोज पाच-सात येईल, घाबरू नका, पोट्ट्याला बुके बांधताना मोठ्याने मोजायला लावा. दोन-तीनच्या आत आला की मग ती दहा दिवसांची यादी मांडा, त्याच्या आधी नको. आणि यादी मांडली की इथे टाका तुमचे आकडे, खरेदीचा भाव आणि उरलेल्याचे दुसऱ्या दिवशी किती मिळाले ते पण सांगा, मनीष नगरला आठवा येतो का सातवा ते मिळून बघू.